अनुदान अडकलंय? माहिती अधिकारात ‘का’ विचारू नका, ज्या कागदावर ‘का’ लिहिलंय तो कागद मागा

माझ्या मामांनी ठिबक बसवलं तेव्हा महाडीबीटीवर अर्ज, लॉटरीत नंबर, पूर्वसंमती, मग दुकानातून संच घेतला, बिल अपलोड केलं, कृषी विभागाचा माणूस येऊन शेतात मोका तपासणी करून गेला, सगळं रीतसर झालं, आणि त्यानंतर अकरा महिने काहीच नाही. ऑफिसात गेलं की “वरून निधी आला नाही”, पुढच्या खेपेला “साहेब मीटिंगला गेलेत”, त्याच्या पुढच्या खेपेला “तुमचं नाव यादीत आहे, येईल”. ठिबकला अल्पभूधारकाला केंद्राचे ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, म्हणजे मामांनी उसनवारी करून दुकानदाराला दिलेले बहुतेक पैसे या एका पेमेंटवर अडकले होते.

शेवटी त्यांनी स्वतःच माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, तीन ओळींचा. “माझे अनुदान का मिळाले नाही? याला जबाबदार कोण? अनुदान कधी मिळणार?” महिन्याभरानं एक ओळीचं उत्तर आलं की विचारलेली बाब कलम २(च) मधल्या माहितीच्या व्याख्येत बसत नाही. मामा भयंकर चिडले, ते पत्र माझ्यासमोर टाकून म्हणाले, “बघ, हा तुमचा कायदा.”

मला पण आधी रागच आला होता, पण नंतर वाचल्यावर कळलं की उत्तर कोरडं असलं तरी कायद्याला धरून होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्येच एका प्रकरणात सांगून ठेवलंय की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर देणं म्हणजे माहिती देणं नव्हे, ते स्पष्टीकरण झालं. आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण म्हटलं की ऑफिसकडे जी माहिती रेकॉर्डवर आहे तेवढीच द्यायची, नवीन तयार करून द्यायला किंवा मत द्यायला अधिकारी बांधील नाही. त्यामुळे ‘का’, ‘कधी’, ‘कोण जबाबदार’ या तीन शब्दांनी सुरू होणारा प्रश्न बहुतेक वेळा तिथल्या तिथे मरतो.

पण गंमत अशी की सरकारी ऑफिसात कुठलाही पैसा अडकला की ‘का’ चं उत्तर कुठेतरी लिहिलेलं असतंच. फाईलच्या टिपणीवर, त्रुटीच्या नोंदीत, मागणी प्रस्तावात, नाहीतर फेल झालेल्या व्यवहाराच्या रिपोर्टात. आपण ते कागद मागायचे, ते रेकॉर्ड आहे, ते व्याख्येत बसत नाही म्हणून नाकारता येत नाही. मामांचा दुसरा अर्ज आम्ही असाच लिहिला, आणि खाली जे सांगतेय ते त्याच अर्जावरून, शिवाय नंतर गावातल्या इतरांचे अर्ज लिहून देताना जे कळत गेलं त्यावरून सांगतेय.

आधी घरबसल्या दोन गोष्टी तपासा

माहिती अधिकारात ३० दिवस जातात, त्यामुळे जे पाच मिनिटात कळतं त्यासाठी अर्ज टाकू नका. पहिलं म्हणजे पोर्टलवर लॉगिन करून अर्जाची सद्यस्थिती बघा आणि तिचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, तो पुढे कामाला येतो. दुसरं, आधारला कुठलं बँक खातं जोडलंय ते बघा. ही गोष्ट खूप जणांना माहीत नसते, आपण अर्जासोबत ज्या पासबुकची झेरॉक्स जोडतो पैसे त्या खात्यात येतील असं आपण धरून चालतो, पण आधारवरून जाणारं पेमेंट हे आधारला सगळ्यात शेवटी ज्या बँकेचं खातं मॅप झालंय तिकडे जातं. आधारच्या साईटवर (myaadhaar.uidai.gov.in) बँक सीडिंगची स्थिती ओटीपी टाकून दिसते. आमच्या शेजारच्या काकूंचे पैसे असेच एका जुन्या खात्यात येऊन पडले होते, जे त्यांनी कधीतरी बचत गटासाठी उघडलं होतं आणि विसरून गेल्या होत्या, त्या मात्र वर्षभर ऑफिसवाल्यांना शिव्या देत होत्या.

हे दोन्ही ठीक असेल आणि तरी पैसे नसतील, तर मग अर्ज.

अर्ज कुणाकडे

ज्या ऑफिसात तुमची फाईल आत्ता पडलीय असं वाटतं तिथे. ठिबकसाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालय, स्कॉलरशिप असेल तर पोर्टलवर अर्ज ज्या टप्प्यावर थांबलाय त्यावरून कॉलेज किंवा समाज कल्याणचं ऑफिस, घरकुलाचा हप्ता असेल तर पंचायत समिती. अधिकाऱ्याचं नाव शोधत बसू नका, “जन माहिती अधिकारी, अमुक कार्यालय, तालुका, जिल्हा” एवढं पुरे, बदल्या होत राहतात आणि नाव चुकलं की उगीच घोळ.

चुकीच्या ऑफिसात गेला तर? कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ऑफिसला पाठवून तुम्हाला तसं कळवायचं असतं. “हे आमच्याकडे नाही, तिकडे जा” म्हणून अर्ज परत देता येत नाही. तरी नेमक्या ऑफिसात टाकला तर आठवडा वाचतो, म्हणून थोडी चौकशी केलेली बरी.

केंद्राचा मामला असेल, म्हणजे इन्कम टॅक्सचा रिफंड किंवा पीएफचा क्लेम, तर सगळं ऑनलाईन rtionline.gov.in वरून होतं, फी तिथेच १० रुपये भरायची, अपिलाला फी नाही. महाराष्ट्र सरकारचं वेगळं पोर्टल आहे, rtionline.maharashtra.gov.in, पण तुमचं तालुक्याचं ऑफिस तिथल्या यादीत आहे का ते आधी बघा, नसेल तर केंद्राच्या पोर्टलवर टाकायचा मोह करू नका, तिथे राज्याच्या ऑफिसचा अर्ज टाकला तर तो परत येतो आणि फी पण परत मिळत नाही. तालुका पातळीवर मला तरी कागदावरचा अर्जच जास्त भरवशाचा वाटतो, कारण हातात शिक्का मारलेली पोच राहते.

अर्ज लिहिताना

महाराष्ट्रात यासाठी ‘जोडपत्र अ’ हा ठरलेला नमुना आहे, कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात मिळतो, हाताने कोऱ्या कागदावर लिहिला तरी चालतो, फक्त त्यातले रकाने यायला हवेत: नाव, पत्ता, माहितीचा विषय, कालावधी, माहितीचं वर्णन, माहिती टपालाने हवी की स्वतः येऊन घेणार, आणि दारिद्र्यरेषेखाली आहात का. माहिती कशासाठी हवी ते लिहायची गरज नाही, कुणी विचारलं तरी सांगायची गरज नाही, कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट आहे.

आता दोन गोष्टी ज्यावरून महाराष्ट्रात अर्ज हमखास उडवले जातात. २०१२ पासून राज्याच्या नियमात आहे की एका अर्जात एकच विषय, आणि साधारण १५० शब्दांत. म्हणजे ठिबकचं अनुदान आणि पीक विम्याचे पैसे एकाच अर्जात घातले की झालं, “एकापेक्षा जास्त विषय” म्हणून उत्तर. दोन विषय असतील तर दोन अर्ज, १० रुपयेच तर जास्त लागतात. आणि ती सगळी कहाणी, किती चकरा मारल्या, कोण काय बोललं, ते अर्जात लिहू नका. मला माहितीय मनात खूप साचलेलं असतं, मामांना तर पाच पानं लिहायची होती, पण ती पानं तक्रारीसाठी ठेवा, हा अर्ज फक्त कागद मागायचा अर्ज आहे.

मामांच्या दुसऱ्या अर्जातला मजकूर हा असा होता, अर्ज क्रमांक आणि गाव तेवढं काढलंय:

विषय : सूक्ष्म सिंचन (ठिबक) योजनेतील माझा अर्ज क्रमांक ……, मौजे ……, गट क्रमांक १२४.

कालावधी : पूर्वसंमतीच्या दिनांकापासून हा अर्ज आपणास मिळेपर्यंत.

माहितीचे वर्णन :

१) माझ्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची अभिलेखावर असलेली टप्पानिहाय नोंद, दिनांक व कार्यवाही करणाऱ्याच्या पदनामासह.

२) माझ्या प्रकरणाच्या नस्तीतील टिपणीच्या सर्व पानांची छायाप्रत.

३) मोका तपासणी अहवालाची छायाप्रत.

४) त्रुटी काढली असल्यास त्या नोंदीची व मला पाठवलेल्या पत्राची छायाप्रत, जावक क्रमांकासह.

५) माझ्या प्रकरणाचा समावेश असलेला अनुदान मागणी प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास पाठवला असल्यास त्या पत्राची छायाप्रत. (इतर लाभार्थ्यांचा तपशील झाकून द्यावा.)

६) रक्कम वर्ग केली असल्यास दिनांक व रक्कम, व्यवहार अयशस्वी झाला असल्यास नोंदवलेले कारण.

७) वरील नस्तीची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी.

यात एकही प्रश्नचिन्ह नाही ते बघितलंत? प्रत्येक मुद्दा म्हणजे एक कागद. आणि ते मुद्दे मनाला येतील तसे घेतले नाहीत, पैसा ज्या वाटेनं जातो साधारण त्याच क्रमानं घेतलेत: टिपणी, तपासणी, त्रुटी, मागणी, पेमेंट. जिथपर्यंत कागद मिळतील तिथपर्यंत फाईल पोचली, आणि ज्या मुद्द्यावर “निरंक” किंवा “अभिलेखावर उपलब्ध नाही” असं येईल तिथे ती थांबली, इतकं सोपं. तुमची योजना दुसरी असेल तर तुम्ही तुमच्या योजनेची ही वाट आधी कागदावर काढा, मग अर्ज लिहा.

मुद्दा ४ मधला जावक क्रमांक मुद्दाम मागितलाय. ऑफिसातून बाहेर गेलेल्या प्रत्येक पत्राची जावक रजिस्टरला नोंद असते, “आम्ही तुम्हाला पत्र पाठवलं होतं” असं नुसतं तोंडी म्हणून चालत नाही, नंबर दाखवावा लागतो.

मुद्दा ५ मधली कंसातली ओळ पण महत्त्वाची. मागणी प्रस्तावात शंभर शेतकऱ्यांची नावं, खाते नंबर असतात, ते मागितले की वैयक्तिक माहिती म्हणून पूर्ण कागदच नाकारायला त्यांना कारण मिळतं. आपणच म्हटलं की बाकीचे झाका, की मग देण्यावाचून पर्याय राहत नाही, कलम १० मध्ये असा भाग वगळून उरलेला देण्याची सोय आहे.

ज्यांना आपला अर्ज नामंजूर केल्याचं कळलंय त्यांनी अजून एक ओळ घालावी. कलम ४(१)(घ) प्रमाणे ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम झाला त्याला त्या निर्णयाची कारणं कळवणं हे ऑफिसचं काम आहे. म्हणून “माझा अर्ज नामंजूर करण्याच्या आदेशाची, त्यात नमूद कारणांसह, प्रत द्यावी” असं मागा. अडकलेल्या फाईलसाठी हे लागू पडत नाही कारण तिथे निर्णयच झालेला नसतो, पण नामंजुरीच्या प्रकरणात बाधित माणसाला ‘का’ मागायचा हा सगळ्यात थेट रस्ता आहे.

फी आणि पोच

१० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर चिकटवायचं. तहसील किंवा कोर्टाच्या आवारात स्टॅम्प वेंडरकडे मिळतं. रोख पण भरता येते पण पावती घ्या, पाकिटात नोट घालून पाठवू नका. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. स्टॅम्प चिकटवून झाल्यावर मग अर्जाची झेरॉक्स काढा, म्हणजे तुमच्या प्रतीवर पण स्टॅम्प दिसतो.

अर्ज आवक टेबलवर द्या आणि झेरॉक्सवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. काही ठिकाणी म्हणतात “ठेवून जा, शिक्का नंतर मारतो”. तिथेच बसा. वाद घालायचा नाही, नुसतं “साहेब मी थांबतो/थांबते” म्हणायचं. अगदीच घेत नसतील तर बाहेर पडून सरळ स्पीड पोस्टने पाठवा, ट्रॅकिंगवर पोचल्याची तारीख दिसते ती प्रिंट करून ठेवा. ३० दिवस मोजायचे ते ऑफिसला अर्ज मिळाल्यापासून, तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नाही.

यानंतर बऱ्याचदा एक फोन येतो. मामांना पण आला, चौथ्याच दिवशी. “अहो काका, माहिती अधिकार कशाला टाकला, या ना ऑफिसला, अर्ज मागे घ्या, करून देतो काम.” मामा लगेच निघाले होते. मी म्हटलं, “मामा जा, जरूर जा, चहा पण प्या, पण मागे घेतल्याच्या कागदावर सही करू नका.” काम होत असेल तर होऊ द्या की, माहितीचा अर्ज त्याच्या आड येत नाही, पण अर्ज मागे घेतला की तुमच्या हातात ना काम ना कागद अशी अवस्था व्हायची शक्यता असते. मामा गेले, चहा झाला, सही केली नाही, काम पण झालं नाही.

उत्तर येईपर्यंत आणि आल्यावर

मध्ये एक पत्र येऊ शकतं की इतक्या पानांचे इतके पैसे भरा. पानाला २ रुपये असा दर आहे, मामांना १४ पानांचे २८ रुपये सांगितले. हे पत्र ऑफिसातून निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या ३० दिवसांत धरत नाहीत, म्हणून आळस करू नका, दुसऱ्याच दिवशी भरून पावती घ्या. पण पत्रात हिशोब नसेल, नुसतंच “५०० रुपये भरा” असेल, तर पानं किती आणि दर काय ते लेखी विचारा, हिशोब देणं त्यांना बंधनकारक आहे. आणि ३० दिवस उलटून गेल्यावर पैसे मागत असतील तर कलम ७(६) दाखवा, उशीर झाला की माहिती फुकट द्यायची असते.

पाहणीची संधी मिळाली तर सोडू नका. पहिल्या तासाला फी नाही, आणि फाईल समोर ठेवून जे दिसतं ते झेरॉक्समध्ये कधीकधी दिसत नाही, पेन्सिलनं लिहिलेलं, मागच्या बाजूला लिहिलेलं, चिकटवलेली चिठ्ठी. जाताना एक जण सोबत न्या, कुठली पानं होती त्यांचे नंबर वहीत लिहून घ्या.

मामांची १४ पानं आम्ही ओट्यावर पसरून वाचली. मोका तपासणीचा अहवाल होता, संच बसवलेला आढळला असा शेरा, त्यात गट क्रमांक १२४. पूर्वसंमतीत १२४. आणि दुकानदाराच्या बिलावर १४२. दोन आकडे उलटे. टिपणीच्या तिसऱ्या पानावर निळ्या पेनानं लिहिलेलं होतं, “देयकातील गट क्र. जुळत नाही, लाभार्थ्यास कळवावे”, खाली सही आणि तारीख. त्या तारखेला मोका तपासणी होऊन फक्त सतरा दिवस झाले होते. मुद्दा ४ च्या उत्तरात मात्र लिहिलं होतं: पत्र पाठवल्याची नोंद आढळून येत नाही. म्हणजे चूक दुकानदाराची, ती सापडली सतरा दिवसांत, आणि कळवायचं राहून गेलं म्हणून पुढचे दहा महिने मामा चकरा मारत होते, आणि तिथले लोक त्यांना निधी नाही म्हणून सांगत होते कारण बहुतेक कुणी फाईल उघडून बघितलीच नव्हती. मामा ते पान हातात धरून कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत.

उत्तर वाचायची पद्धत सगळ्यांसाठी अशीच. टिपणीत त्रुटी सापडली तर ती तुमच्या हातात आहे, दुरुस्त करून द्या. टिपणी स्वच्छ आहे आणि मागणी प्रस्ताव गेलाय, पण पुढे काही नाही, तर खरंच निधीची वाट आहे, अशा वेळी तालुक्याच्या ऑफिसला कितीही बोललात तरी उपयोग नाही. दुसरा अर्ज जिल्ह्याच्या ऑफिसला टाका आणि त्या योजनेखाली चालू वर्षात कोणत्या तारखेला किती निधी आला आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या प्रस्तावांना तो वाटला याच्या प्रती मागा. तुमच्या नंतरच्या तारखेच्या प्रस्तावांना पैसे गेलेले दिसले तर तिथे तक्रारीला जागा आहे. आणि मुद्दा ६ मध्ये व्यवहार अयशस्वी असं आलं तर प्रश्न बँकेचा किंवा आधार मॅपिंगचा, बँकेत जाऊन ते नीट करा आणि तसं ऑफिसला लेखी कळवा, नाहीतर पेमेंट परत पाठवायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे “कार्यवाही सुरू आहे”. हे उत्तर नाहीच. तुम्ही टिपणीची झेरॉक्स मागितली आणि त्यांनी एक वाक्य दिलं, तर माहिती दिली नाही असंच धरायचं आणि अपिलात जायचं.

उत्तर नाही आलं तर

३० दिवस संपले आणि काही आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘जोडपत्र ब’, २० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, त्याच विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. प्रथम अपिलीय अधिकारी कोण ते उत्तराच्या पत्रात लिहिलेलं असायला हवं, नसेल तर ऑफिसच्या भिंतीवरच्या बोर्डावर असतं. मजकूर छोटा ठेवा: अमुक तारखेला अर्ज दिला, अमुक मुद्द्यांची माहिती मिळाली नाही, ती विनामूल्य मिळावी. मूळ अर्ज, पोच आणि आलेलं पत्र जोडा. यात नवीन मुद्दा घालता येत नाही, त्यामुळे मूळ अर्ज नीट लिहिलेला असणं इथे कामाला येतं.

अपिलाचा निकाल ३० दिवसांत, कारण लिहून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचा असतो. सुनावणीची तारीख आली तर जा. माझा अनुभव असा की पैसे अडकल्याच्या प्रकरणात इथेच काम होतं, कारण वरिष्ठांच्या टेबलावर फाईल उघडावी लागते आणि ती बंद असतानाच्या सबबी उघडी असताना टिकत नाहीत. त्याच्यापुढे राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील आहे, ९० दिवसांच्या आत, ‘जोडपत्र क’, परत २० रुपये, आणि आयोग उशिरासाठी दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड लावू शकतो. पण आयोगात नंबर लागायला फार वेळ जातो, त्या दंडाचे पैसे पण तुम्हाला मिळत नाहीत, म्हणून पहिल्या अपिलातच सगळी ताकद लावा.

कागद हातात आल्यावर

इथे खूप जण थांबतात. माहिती मिळाली म्हणजे पैसे मिळाले असं नाही, माहिती अधिकारात पैसे द्यायला कुणाला सांगता येत नाही. मिळालेला कागद घेऊन वेगळं साधं पत्र द्यायचं, त्याला फी नाही, नमुना नाही. मामांनी दुकानदाराकडून गट नंबर दुरुस्त केलेलं बिल, सही-शिक्क्यासकट, घेतलं आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं की आपल्या कार्यालयाच्या टिपणीत अमुक तारखेला नोंदवलेली त्रुटी मला कळवण्यात आली नव्हती, ती आता माहिती अधिकारात कळली, सोबत दुरुस्त देयक जोडले आहे, प्रकरण पुढील मागणी प्रस्तावात समाविष्ट करावे. सोबत टिपणीच्या त्या तिसऱ्या पानाची झेरॉक्स लावली. कुणावर आरोप नाही, कारवाईची मागणी नाही. मामांची इच्छा होती एकदा सगळं सुनवावं अशी, आणि तो त्यांचा हक्कच होता, पण आधी पैसे मग बाकीचं असं आम्ही ठरवलं.

पत्राची पोच घेतली. तीन आठवड्यांनी पोर्टलवर सद्यस्थिती बदलली. त्यानंतर निधी यायला अजून दोन महिने गेले, ती वाट मात्र खरीच निधीची होती, आणि मग एका दुपारी मामांच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला, तो त्यांनी मला वाचून दाखवायला फोन केला आणि आकडा दोनदा वाचला.

ती १४ पानं, दोन्ही अर्जांच्या पोच आणि २८ रुपयांची पावती अजून त्यांच्या सातबाऱ्याच्या फाईलमध्येच लावलेली आहेत. आता गावात कुणाचं अडकलं की मामा आधी त्याचं बिल आणि पूर्वसंमती मागून घेतात, आणि दोन्हींवरचा गट नंबर बोट ठेवून जुळवून बघतात.